अनसबस्क्राइब केलेल्या लोकांचे पैसे आपण का भरायचे?

अंकवाला: आमचा छोटा प्रकाशन व्यवसाय आहे, एक दिवाळी अंक आणि वर्षाला चार-पाच पुस्तकं. ईमेल पाठवायला एका सर्व्हिसचा 10,000 कॉन्टॅक्टचा प्लॅन घेतलाय. या महिन्यात मेल आला की तुमचे कॉन्टॅक्ट 10,400 झालेत, वरचे पैसे लागतील. आत जाऊन बघितलं तर त्यात 2,200 लोक असे की ज्यांनी कधीच अनसबस्क्राइब केलंय. ज्यांना मी मेल पाठवू शकत नाही, पाठवला तर उलट मलाच दंड, त्यांचे पैसे मी भरायचे हा कुठला न्याय? मला तर ही सरळ लूट वाटते. तुमचं मत काय?

हिशेबनीस: लूट वगैरे काही नाही हो. प्लॅन घेताना नियमात लिहिलेलं असतं की कॉन्टॅक्ट म्हणजे खात्यात ठेवलेला प्रत्येक पत्ता, मग तो कुठल्या का स्टेटसचा असेना. मेलचिंपने 2019 मध्ये हाच बदल केला तेव्हाही अशीच बोंबाबोंब झाली होती, आधी फक्त सबस्क्राइब्ड मोजायचे, मग अनसबस्क्राइब्ड आणि नॉन-सबस्क्राइब्ड पण मोजायला लागले. त्यांचं म्हणणं असं की त्या माणसाचं नाव, त्याने काय उघडलं, काय विकत घेतलं हे सगळं तुम्ही सांभाळून ठेवलंय, रिपोर्टमध्ये वापरताय, मग ते कॉन्टॅक्टच झालं. पटो न पटो, लपवलेलं तर काही नाही.

मसालेवाली_नाशिक: एवढं काय त्यात, सगळे अनसबस्क्राइब्ड निवडायचे आणि डिलीट मारायचे. मी दर महिन्याला करते, दोन मिनिटांचं काम. बिल खाली येतं, विषय संपला.

सर्व्हरबाबा: ताई बिल खाली येतं हे बरोबर, पण विषय तिथे संपत नाही. तुमच्याकडे ऑर्डरची एक एक्सेल असेलच, दुकानाच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली. दिवाळीच्या आधी ती परत इंपोर्ट करता ना? आता बघा, अनसबस्क्राइब केलेला पत्ता खात्यात असतो तेव्हा इंपोर्ट त्याला ओळखतं आणि बाजूला ठेवतं, हा नको म्हणालाय म्हणून. तुम्ही तो पुसून टाकलात तर काही सर्व्हिस त्याचा ठसा मागे ठेवतात आणि काही साफ विसरतात. विसरणाऱ्यांकडे तोच माणूस नवा कोरा सबस्क्रायबर म्हणून आत येतो आणि त्याला परत मेल जातो. तो माणूस दुसऱ्यांदा अनसबस्क्राइब करत बसत नाही, सरळ स्पॅमचं बटण दाबतो.

अंकवाला, तुमच्यासाठी उत्तर डिलीट नाही, आर्काइव्ह आहे, म्हणजे पत्ता न पुसता बाजूला ठेवायचा. मेलचिंपसारख्या ठिकाणी आर्काइव्ह केलेले मोजत नाहीत, बाउन्स होऊन क्लीन्ड झालेले पण मोजत नाहीत. शिवाय आर्काइव्ह करायच्या आधी अनसबस्क्राइब्ड लोकांची यादी एक्सपोर्ट करून स्वतःकडे ठेवा, उद्या सर्व्हिस बदललीत तर तिथे सगळ्यात आधी ती चढवायची. आणि एक विचारतो, एकूण 10,400 ची फोड काय आहे? यादी एकच आहे की दोन?

उगाच_विचारतो: माझ्याकडे पण लिमिटचाच घोळ आहे. मी जीमेलवरून सोसायटीच्या लोकांना बीसीसी करून पाठवतो तर दुपारनंतर मेल जायचे बंद होतात. मोठा प्लॅन घ्यावा का?

हिशेबनीस: @उगाच तो वेगळा प्रकार आहे. साध्या जीमेलला दिवसाला 500 ची मर्यादा असते, बीसीसीतला प्रत्येक जण त्यात मोजला जातो. तुमच्याकडे कॉन्टॅक्ट मोजायचा प्रश्नच नाही. सोसायटीसाठी गूगल ग्रुप काढा फुकटातला.

अंकवाला: @सर्व्हरबाबा दोन याद्या आहेत. दिवाळी अंकाची 6,900 ची, त्यात चालू 5,200, अनसबस्क्राइब्ड 1,500, नॉन-सबस्क्राइब्ड 200. पुस्तकांची 3,500 ची, त्यात चालू 2,600, अनसबस्क्राइब्ड 700 आणि परत 200 नॉन-सबस्क्राइब्ड. हे नॉन-सबस्क्राइब्ड म्हणजे कोण तेच कळत नाही.

सर्व्हरबाबा: ते तुमच्या वेबसाइटच्या दुकानातून आलेले. अंक विकत घेतला पण 'मला मेल पाठवा' वर टिक केली नाही, असे. त्यांना ऑर्डरची पावती जाते, जाहिरातीचा मेल जात नाही. पण मोजले मात्र जातात. त्यांनाही आर्काइव्ह करता येतं, फक्त त्यातल्या कोणी परत ऑर्डर दिली की दुकानाच्या जोडणीतून तो पुन्हा यादीत येऊन बसेल हे लक्षात ठेवा.

आता खरी गंमत. दोन्ही याद्या एक्सपोर्ट करा आणि एक्सेलमध्ये पत्ते जुळवा. दोन्हीकडे असलेला माणूस अशा सर्व्हिसमध्ये दोनदा मोजतात, कारण प्रत्येक यादी त्यांच्या दृष्टीने स्वतंत्र. माझा अंदाज आहे की तुमचं जास्त नुकसान 2,200 मध्ये नाही, इथे आहे.

अंकवाला: जुळवलं. चालू लोकांपैकी 1,900 दोन्हीकडे आहेत 😐

सर्व्हरबाबा: म्हणजे 7,800 चालू दिसतायत पण माणसं आहेत 5,900. एकच यादी ठेवा आणि 'अंक' नि 'पुस्तकं' असे टॅग लावा. अनसबस्क्राइब्ड आणि नॉन-सबस्क्राइब्ड आर्काइव्हमध्ये गेले की 10,400 चे 5,900 होतात. खालचा प्लॅन पुरेल.

फक्त एकत्र करताना एका ठिकाणी लोक हमखास आपटतात. काही वाचक असे असणार की पुस्तकांचे मेल नको म्हणाले पण अंकाच्या यादीत चालू आहेत. याद्या जशाच्या तशा एकात ओतल्या तर एक तर ते पूर्ण बाद होतात, नाहीतर पुस्तकांच्या मेलसकट परत चालू होतात. त्यांना आधी वेगळं काढा, फक्त 'अंक' टॅग लावून घाला. हे हातानेच करावं लागतं.

रोजचीबातमी: सगळे कॉन्टॅक्टवरच बोलताय म्हणून माझी बाजू सांगतो, कारण मला कॉन्टॅक्टचा त्रास नाहीच. माझं शेअर बाजारावरचं रोजचं पत्र आहे, वाचक 2,000 पण रोज एक मेल म्हणजे महिन्याला 60,000. 2,500 कॉन्टॅक्टचा प्लॅन घेतला तर लिमिट मिळते दहापट, 25,000. बारा-तेरा तारखेला संपते. मग माणसं नसताना मोठा कॉन्टॅक्ट स्लॅब घ्यायचा, नुसत्या सेंड्ससाठी. तेव्हा 'पाठवलेल्या मेलचे पैसे घ्या, कॉन्टॅक्ट मोजू नका' असं जे कोणी म्हणेल त्याला मी हात जोडतो, त्या हिशेबात माझ्यासारखा भरडला जातो. मला अनलिमिटेड सेंड आणि कॉन्टॅक्टवर दर हवाय, अनसबस्क्राइब्ड मोजलेत तरी चालेल.

अंकवाला: @रोजचीबातमी आणि माझं बरोबर उलट. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चार मेल, बाकी वर्षभर शांतता. 5,900 गुणिले चार म्हणजे 23,600, आणि 10,000 च्या प्लॅनमध्ये मला मिळतात 1,00,000. उरलेले पुढच्या महिन्यात जात पण नाहीत. म्हणजे वर्षातले दहा महिने मी नुसतं यादी ठेवायचं भाडं भरतोय.

बोरिवलीकर: मग तुम्ही चुकीच्या दुकानात आहात राव. ब्रेव्होसारखे लोक मुख्यतः सेंड्सवर पैसे घेतात, त्यांच्या फुकट प्लॅनमध्ये दिवसाला 300 मेल जातात. मेलरलाइट आणि किट कॉन्टॅक्टवर घेतात पण अनसबस्क्राइब्ड मोजत नाहीत, नि एक माणूस दोन ग्रुपमध्ये असला तरी एकदाच. हिशेबनीस म्हणतात ना नियमात लिहिलंय, अहो नियमात काय वाटेल ते लिहितील. बाकीच्यांना न मोजता धंदा करता येतो म्हणजे साठवणुकीचा खर्च हे निव्वळ कारण आहे. पत्त्याची एक ओळ ठेवायला कितीसा खर्च येतो?

हिशेबनीस: जे मोजत नाहीत त्यांचा चालू कॉन्टॅक्टचा दर बघा, तुलना करा, मग बोला. पैसे कुठून तरी काढणारच. माझा मुद्दा एवढाच की दर जाहीर असला की तो धंदा झाला, लूट नाही.

बोरिवलीकर: दर जाहीर आहे, पण 'कॉन्टॅक्ट' म्हणजे कोण हे किंमतीच्या पानावर मोठ्या अक्षरात असतं का? ते मदतीच्या पानात आत कुठेतरी. नको म्हणालेल्या माणसाची नोंद ठेवणं हे कायद्याने आणि जीमेलच्या नियमांनी सगळ्यांवरच येतं, मग त्याचाच दर लावायचा म्हणजे नियम पाळणाऱ्याला भुर्दंड.

सर्व्हरबाबा: इथे मी दोघांच्या मध्ये आहे. नको म्हणालेल्यांची काळी यादी ठेवायला फक्त पत्ता लागतो आणि त्याचे पैसे घेऊ नयेत, हे बोरिवलीकरांचं बरोबर. पण त्याचा पाच वर्षांचा इतिहास, टॅग, खरेदी हे तुम्हाला रिपोर्टमध्ये हवं असेल तर ती वेगळी गोष्ट झाली.

अंकवाला, सेंड्सवाल्याकडे जायच्या आधी एक बघा. दहा महिने गप्प बसून एकदम 5,900 लोकांना मेल टाकला की अर्ध्यांना आठवतच नाही तुम्ही कोण. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल मोठ्या प्रमाणात पाठवणाऱ्यांकडून स्पॅम तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली मागतं. तुमचे पाच हजार जीमेलवर असतील तर 15 जणांनी बटण दाबलं की संपलं. कुठल्याही प्लॅनमध्ये असा, दोन-तीन महिन्यांनी एखादा छोटा मेल जाऊ द्या आणि ऑक्टोबरचा पहिला मेल तुकड्यांनी पाठवा, आधी ज्यांनी गेल्या वर्षी उघडला होता त्यांना.

मसालेवाली_नाशिक: बरं झालं सांगितलंत, मी डिलीट केलेल्यांची यादी दुकानाच्या ऑर्डरवरून परत जुळवून घेते. पण मग जे वर्षभर उघडतच नाहीत, अनसबस्क्राइब पण करत नाहीत, त्यांचं काय? ते पण तर मोजले जातात.

सर्व्हरबाबा: त्यावर एकमत होणार नाही. आयफोनच्या मेल ॲपमध्ये प्रायव्हसी चालू असेल तर न उघडलेला मेल पण उघडल्यासारखा दिसतो, आणि कोणी चित्रं बंद ठेवून वाचत असेल तर उघडलेला दिसत नाही. म्हणून मी 'ओपन' वर कोणाला काढत नाही, क्लिक किंवा ऑर्डर बघतो.

हिशेबनीस: मी काढतो. वर्षभर क्लिक नाही की एक शेवटचा मेल, 'राहायचंय का' म्हणून, आणि उत्तर नाही आलं तर आर्काइव्ह. दिवाळी अंकवाल्यांनी मात्र हे करू नये, त्यांचा गिऱ्हाईक वर्षातून एकदाच जागा होतो.

अंकवाला: याद्या एकत्र करायला आज रात्री बसतोय. शेवटचं एकच, आज आर्काइव्ह केले तर या महिन्याचे जादा पैसे वाचतील का?

बोरिवलीकर: वाचायला पाहिजेत, 10,000 च्या खाली आलात ना.

सर्व्हरबाबा: भरवसा ठेवू नका. काही ठिकाणी बिलाच्या दिवशीचा आकडा धरतात, काही ठिकाणी महिन्यातला सगळ्यात वरचा. तुमच्या सर्व्हिसचं कुठलं ते सपोर्टला लेखी विचारा, बिलाची तारीख यायच्या आत, आणि प्लॅन खाली आणायचं बटण वेगळं दाबावं लागतं का ते पण विचारा. कॉन्टॅक्ट कमी झाले म्हणून प्लॅन आपोआप उतरेलच असं नाही.