मदत हवी आहे : ‘रेस इप्सा लोक्विटर’ मराठीत कसे लिहावे?

नमस्कार. नागपूर येथील दिवाणी न्यायालयात दाखल करावयाच्या मराठी लेखी युक्तिवादासाठी मी 1865 च्या ‘स्कॉट विरुद्ध लंडन अँड सेंट कॅथरीन डॉक्स’ या निर्णयातील उताऱ्याचा अनुवाद करीत आहे. गोदीतील वखारीजवळून जाणाऱ्या जकात अधिकाऱ्याच्या अंगावर साखरेची पोती पडली, त्या प्रकरणाचा हा निर्णय आहे.

या निर्णयाशी जोडल्या जाणाऱ्या ‘रेस इप्सा लोक्विटर’ या लॅटिन सूत्राला ‘वस्तुस्थिती स्वयंस्पष्ट आहे’ असे लिहिल्यास आता काही सिद्ध करणेच उरले नाही, असा अर्थ निघतो. न्यायालयाचे म्हणणे मर्यादित होते : वस्तू प्रतिवादीच्या ताब्यात असावी, योग्य काळजी घेतल्यास असा अपघात सहसा घडू नये, आणि प्रतिवादीने खुलासा दिला नाही, तर निष्काळजीपणाचा वाजवी पुरावा मिळतो. म्हणून मी ‘घटनेच्या स्वरूपावरूनच निष्काळजीपणाचे अनुमान काढता येते’ असा मसुदा केला आहे. मात्र तो नियम सांगतो, सूत्रासारखा वाटत नाही.

त्याच उताऱ्यातील ‘वाँट ऑफ केअर’चे ‘काळजीची गरज’ असे रूप एका जुन्या मसुद्यात आढळले, जे उघडच उलट आहे. तेथे ‘काळजीच्या अभावी’ हवे. ‘सर्व्हंट्स’साठी ‘नोकर’ ठेवावे की ‘कर्मचारी’, हा प्रश्न मात्र उरतो, कारण मालकाचे दायित्व त्या नात्यावरच उभे आहे.

लॅटिन सूत्र देवनागरीत ठेवून पहिल्या उल्लेखातच मराठी स्पष्टीकरण जोडावे, की केवळ मराठी वाक्य वापरावे? न्यायालयीन अनुवादाचा अनुभव असणाऱ्यांनी कृपया सांगावे.