फुलाचं नाव आलं की गंधप्रतिमा?

> 'श्रावणमासी'त पारिजात, केवडा, चाफा असं सगळं आहे. या सगळ्या गंधाच्याच प्रतिमा ना?

सगळ्या नाहीत. नामाकडे न बघता क्रियापद बघा. बालकवी लिहितात, 'सुवर्णचंपक फुलला विपिनी, रम्य केवडा दरवळला'. चाफा सुगंधी असला तरी इथे तो सोनेरी दिसतो आणि फुलतो, म्हणून दृश्यप्रतिमा. 'दरवळला' हे मात्र नाकाचंच काम, म्हणून केवडा गंधाचा. पुढच्याच ओळीत 'पारिजातही बघता' आहे. एवढं वासाचं फूल, पण कवी ते बघायला लावतो! मला ही निवड फार आवडते.

'सरसर शिरवे' कानाला ऐकू येतं आणि 'ऊन पडे' डोळ्यांना दिसतं. सर अंगावर आल्याचा गारवा वाचक स्वतः भरतो; स्पर्शाचा शब्द कवीने तिथे दिलेला नाही, त्यामुळे उत्तरात स्पर्शप्रतिमा लिहिताना जपून.

आता या प्रतिमा काय करतात ते पाहा. हिरवळ चोहीकडे दाटते, केवडा दरवळतो, गोप गाणी गात फिरतो. इंद्रियं वेगळी, पण प्रत्येक गोष्ट आपली जागा सोडून पसरते आहे. पहिल्या ओळीतला 'हर्ष मानसी' असा मनाबाहेर सांडतो, आणि 'भामारोष', म्हणजे सत्यभामेचा राग, मावळतो तोही त्याच ओघात.