अनुभव धागा: फ्लॅशबॅकमध्ये प्रेक्षक कुठं हरवला?

मराठवाड्यात शॉर्टफिल्म करणारे, नाटकवाले, नुसते बघणारे, सगळ्यांनी लिहा. काळ मागंपुढं करताना प्रेक्षक नेमका कुठं सुटला आणि परत कसा आणला? सिद्धांत नको, आपापलं सांगा.

माळवद
सुरुवात मीच करतो. आमची अठरा मिनिटांची फिल्म, औसा तालुक्यातली. पन्नाशीला टेकलेला माणूस आज पुनर्वसनाच्या घरात राहतो आणि मधूनमधून सप्टेंबर १९९३ मध्ये जातो, किल्लारीचा भूकंप व्हायच्या आदल्या दिवशी. पहिला कट चौदा जणांना दाखवला, मधेच थांबवून कागदावर विचारलं, "हा पोरगा कोण?" नऊ जणांनी लिहिलं, "त्या माणसाचा मुलगा." मी डोक्याला हात लावला. पण चूक आमचीच. आजच्या काळातही त्याला त्याच वयाचा मुलगा होता, आणि दोघंही हाफपँटमध्ये!

उस्मानपुरा
जुना भाग सेपिया करायचा की. एवढं सोपं असताना कागद कशाला वाटत बसलात? मेमेंटो बघा, अख्खा सिनेमा उलटा, तरी रंगावर सगळं कळतं.

कात्री
माझा धंदा एडिटिंगचा, म्हणून जरा लांबवतो. रंगाचा उपयोग होतो, पण एकट्या रंगावर विसंबू नका. डोळा काही सेकंदांत त्याला सरावतो आणि मग सेपिया दिसेनासाच होतो. गावच्या सभागृहातल्या फिकट प्रोजेक्टरवर तर दोन्ही काळ सारखेच पिवळे. आणि मेमेंटो (२०००) अख्खा उलटा नाही. रंगीत भाग उलटा जातो, कृष्णधवल भाग सरळ. उलटा भाग कळतो तो रंगीत तुकडा संपताना, आधी पाहिलेल्या तुकड्याची सुरुवात पुन्हा दिसते म्हणून. सांधा दोनदा दाखवलाय.

माळवद, घराचं काय केलंत? जुनी घरं दगडामातीची, जाड भिंतींची. तो फरक लोकांना दिसायलाच हवा होता.

माळवद
तोच घोळ. जुनं घर आम्ही फक्त आतून घेतलं होतं, क्लोजअपमध्ये. नुसत्या भिंतीवरून काळ कुठून कळणार? परत गेलो, माळवदाखाली लाकडाची तुळई दिसेल एवढा एक वाइड घेतला.

मग तीन गोष्टी केल्या. आज त्याचा म्हातारा मित्र दारातून हाक मारतो, "ए सुभ्या!" तीच हाक चालू असताना चित्र बदलतं आणि जुन्या घरात आई म्हणते, "सुभ्या, घागर आण." पोरगा उठतो. नाव आणि माणूस एका फटक्यात जुळले. दुसरं, तांब्याची घागर: आज पोचा पडलेली, तेव्हा गुळगुळीत. तिसरं, पहिल्या उडीला सहा सेकंद दिले, शेवटच्या उडीला एकही नाही, सरळ कट. पहिल्या उडीत प्रेक्षक आमची पद्धत शिकलेला असतो. नवे चौदा बसवले, चुकले फक्त दोन.

कात्री
आणि परत येताना? माझ्या अनुभवात माणूस जाताना कमी चुकतो, परतताना जास्त.

माळवद
हो, तेही भोगलं. जिथून गेलो त्याच शॉटवर आलो: हात अजून त्याच पोच्यावर. आधी आम्ही परतून थेट संध्याकाळवर यायचो. तेव्हा एक बाई म्हणाल्या, "हे तिसरं कुठलं घर?"

जालन्याची आत्या
मला तुमचं शॉर्टफिल्म कळत नाही, पण उलटसुलट म्हणाल तर लहानपणी जत्रेतल्या तंबूत रीळच उलटे लागले होते. हिरो आधी मेला, मग लग्नाला उभा! लोकांनी शिट्ट्या मारल्या, पण उठलं कुणी नाही. माझी आई म्हणाली, "त्याच्या कपाळाची पट्टी बघ, पट्टी नसली की आधीचं." मला वाटतं तिला डायरेक्शन जमलं असतं.

कात्री
आत्या, ती पट्टी म्हणजेच माळवदांची घागर. अशी खूण चेहऱ्याजवळ असली की लोक स्वतःच पकडतात.

परभणीकर
मग पडद्यावर "२९ सप्टेंबर १९९३" अशी पाटी का नाही? फुकटात काम.

माळवद
टाकून बघितली. आमच्या भागात ती पाटी वाचली की सभागृह गप्प होतं. त्या दिवशी गणपती विसर्जन होतं, पहाट व्हायच्या आत गावं बसली, हे लोकांना पाठ आहे. पुढचं कुणी बघतच नाही, फक्त वाट बघतात. पुण्याच्या मित्रांना मात्र ती नुसती तारीख वाटली. पाटी काढली.

परभणीकर
पण मग बाहेरच्याला भूकंप कळेल कधी?

माळवद
भिंत पडते तेव्हा. ते उशिराच आहे हे मान्य. आमचा कॅमेरावाला अजून पाटीच्या बाजूचा आहे, दोन कट घेऊन बसलोय.

उस्मानपुरा
सेपियाचा कट पण ठेवा की, तिसरा.