मदत हवी आहे: घरपट्टीच्या बिलावर वारसांची नावं लावण्याचा अर्ज

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगत आमचं कौलारू घर आहे, नगरपरिषदेच्या हद्दीत. बाबा गेले, तरी घरपट्टी अजून त्यांच्याच नावाने येते. वारस आम्ही तिघं: आई, मी आणि मुंबईला दिलेली बहीण. मिळकत पत्रिकेवर तिघांची वारस नोंद झाली आहे, पण त्यावरून नगरपरिषदेच्या कर आकारणी नोंदवहीतलं नाव आपोआप बदलत नाही. तिथे वेगळा अर्ज लागतो.

मुख्याधिकाऱ्यांच्या नावे मी असा मजकूर लिहिलाय:

"विषय: मालमत्ता क्र. ___ च्या कर आकारणी नोंदीत वारसांची नावे लावणेबाबत.
सदर मालमत्तेचे नोंदीत मालक आमचे वडील दि. ___ रोजी मयत झाले. त्यांचे नाव कमी करून खालील तिन्ही वारसांची नावे लावावीत. चालू वर्षापर्यंतची घरपट्टी भरलेली आहे."

सोबत मृत्यू दाखला, मिळकत पत्रिकेचा उतारा, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि घरपट्टीची शेवटची पावती.

अडचण अशी की खिडकीवरचे क्लार्क म्हणतात, "एकाचंच नाव द्या, बहिणीचं हक्कसोडपत्र आणा." बहिणीला हक्क सोडायचा नाही, आणि आम्हालाही तो सोडवून घ्यायचा नाही. घरपट्टीवरचं नाव करवसुलीसाठी असतं, त्याने मालकी ठरत नाही, हे ठाऊक आहे. तरी तिचं नाव कुठेच गळायला नको.

तिघांची नावं एकत्र लावून घेतलेलं कुणी आहे का? बिल आईच्या नावे "व इतर" असं निघालं, तर नोंदवहीत तिघं राहतात ना? अर्जात ते कसं लिहावं?