अनुभव धागा: अभ्यासक्रम संपताना शिक्षकांना काय दिलंत?

रेघोट्या (धागाकर्ती)

दोन वर्षांचा संध्याकाळचा रेखाटनाचा वर्ग संपला. तेवीस जण होतो. शेवटच्या महिन्यात प्रश्न आला की मॅडमना काय द्यायचं. वर्गणी काढून मोठी वस्तू घ्यायची सूचना आली, पण दोघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आत्ता वर्गणी झेपणार नाही. ते सगळ्यांसमोर बोलू शकले नसते. म्हणून ठरवलं, प्रत्येकाने एक पत्र लिहायचं आणि त्यांची वही आपण हाताने शिवायची.

पहिल्यांदा मी सगळ्यांना एवढंच कळवलं, "मॅडमबद्दल काहीतरी लिहा." अकरा पत्रं आली आणि त्यातली नऊ जवळजवळ एकच होती: खूप शिकायला मिळालं, आभारी आहोत, आठवण राहील. लिहिणाऱ्यांचा दोष नव्हता, माझा प्रश्नच पोकळ होता. मग विचारलं, "आज तुम्ही कोणती एक गोष्ट दोन वर्षांपूर्वीपेक्षा वेगळी करता, आणि ती मॅडमनी कुठल्या दिवशी, कशावरून सांगितली?" आता पत्रांत जीव आला. एकाने लिहिलं की मॅडमनी त्याच्याकडून खोडरबर काढून घेतलं आणि चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी ओढायला लावली, तेव्हापासून तो घाबरत नाही. दुसरीने लिहिलं की खुर्ची काढायची सोडून खुर्चीच्या पायांमधली मोकळी जागा काढायला सांगितली, त्या दिवशी तिला पहिल्यांदा खुर्ची जमली. वहीत एकूण एकोणीस पत्रं गेली.

वही कशी शिवली ते खाली लिहिते, पण आधी तुमचे अनुभव हवेत. थोडक्या खर्चात, मनापासून, दीर्घ अभ्यासक्रमाच्या शेवटी काय दिलंत? काय फसलं?

उंबरठा

माझी मुलगी पहिलीत आहे, वर्ष संपत आलंय. तिच्या बाईंना फुलं द्यावी की पेन? की दोन्ही?

रेघोट्या

उंबरठा, धागा मोठ्यांच्या लांब अभ्यासक्रमाबद्दल काढलाय, पण तुमचं उत्तर त्यातच आहे. मुलीला विचारा, बाईंनी शिकवलेली कोणती गोष्ट ती घरी करून दाखवते. तेच तिच्या अक्षरात एका कागदावर लिहून घ्या. फुलं दिलीत तरी चालतील, पण तो कागद सोबत असू द्या.

पाचवा मसुदा

माझी गोष्ट वेगळी आहे, कारण माझे मार्गदर्शक एकटे आणि मीही एकटा. पाच वर्षं प्रबंध चालला. सरांनी समासात पेन्सिलीने लिहिलेले शेरे मी फेकले नव्हते. "हे तुला खरंच वाटतं का?" असा एक शेरा तर सात ठिकाणी होता. त्यातले चाळीस निवडले, प्रत्येकाखाली त्यामुळे माझं कुठलं वाक्य बदललं ते लिहिलं, आणि पानं टिकावीत म्हणून सगळी लॅमिनेट करून स्पायरल बाइंडिंग केलं. सरांनी माझ्यासमोर दीड तास वाचलं. लॅमिनेशनची शिफारस सगळ्यांना करतो, पाणी लागलं तरी काही होत नाही.

जुजबंदी

मी पुस्तकं शिवायचं काम बरीच वर्षं करतो. पाचवा मसुदा, तुमची कल्पना फार आवडली, पण लॅमिनेशनबद्दल थांबवतो. पाण्यापासून वाचतं हे खरं. पण उष्णतेने वितळलेला चिकट थर कागदाच्या तंतूंत उतरतो आणि मूळ पानाला धक्का न लावता तो नंतर काढता येत नाही. प्लास्टिक पुढेमागे पिवळं पडलं किंवा कडेने सुटायला लागलं तर ते मूळ पान घेऊनच जातं. सरांच्या हाताचे शेरे पुन्हा मिळणार नाहीत, म्हणून मूळ पान कधीच लॅमिनेट करू नये. छायाप्रत करा. चिकटपट्टीचंही तसंच आहे, तिचा गोंद कागदात झिरपून तपकिरी डाग पडतो.

रेघोट्याताई, वही शिवताना घडी नीट बसली का? बहुतेकांचं तिथेच अडतं.

रेघोट्या

नाही बसली, दादा. नेहमीचे ए-फोर कागद मधोमध दुमडले, दहा एकात एक घातले. घडी फुगून उघडी राहायची, कडेला बारीक चिरल्यासारखी दिसायची आणि आतली पानं बाहेर डोकवायची. दाबून दाबून अंगठे दुखले.

जुजबंदी

दोन कारणं आहेत. एक, कागदाचा ग्रेन. कागद तयार होताना बहुतेक तंतू एका दिशेने झोपतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती सरळ, शांत पडते, आडवी घातली तर तंतू मोडतात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ए-फोर कागदात ग्रेन लांब बाजूने असतो, आणि तुम्ही घडी घातली आखूड बाजूला समांतर. म्हणजे बरोबर उलटी. ओळखायचं कसं? कागद न मोडता दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने कमी विरोध करतो, ती घडी घालायची बाजू.

उपाय सोपा आहे. ए-थ्री कागद घ्या, त्याचाही ग्रेन लांब बाजूने असल्याची खात्री करा, आणि मधून कापून दोन ए-फोर करा. आता ग्रेन आखूड बाजूने आला, दुमडलं की घडी बरोबर बसते.

दुसरं कारण, दहा कागद एका घडीत जास्त होतात. पाच-पाचचे दोन फर्मे करा.

रेघोट्या

मला ही गोष्ट तेव्हा माहीत असती तर! मी चुकत चुकत ए-थ्रीपर्यंत पोचले, पण कारण आज कळलं. बाकी असं केलं.

आमची मोठी अडचण वेगळी होती. दुमडलेल्या कागदावर थेट पत्र लिहायचं म्हटलं तर एका कागदावर दोघांची पत्रं येतात, एक पहिल्या पानावर आणि दुसरं पार शेवटी. एकाचं पत्र बिघडलं की दुसऱ्याचंही गेलं. तसं एकदा झालंच. मग प्रत्येकाला ११ बाय १७ सेंटीमीटरचा सुटा कागद दिला. वहीच्या पानाला चार तिरक्या चिरा पाडल्या आणि पत्राचे कोपरे त्यात खोचले. गोंद कुठेच नाही, पत्र काढून मागची बाजूही वाचता येते.

शिवण तीन भोकांची. घडीच्या मधोमध एक, आणि दोन्ही टोकांपासून साधारण तीन सेंटीमीटर आत एकेक. भोकं टोच्याने आधीच पाडली. दोरा पाठीच्या उंचीच्या अडीचपट, तो मेणावरून ओढून घेतला म्हणजे गुंतत नाही. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, आतल्या आत मधलं भोक ओलांडून खालच्यातून बाहेर, आणि पुन्हा मधल्यातून आत. आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याची दोन टोकं येतात, त्यांची गाठ त्या टाक्यावर मारायची. दोन्ही फर्मे असेच, जाड कागदाच्या एकाच वेष्टनात, शेजारी शेजारी शिवले.

एक गोष्ट मात्र खटकली. पत्रं खोचल्यावर वही मोकळ्या कडेला फुगली, पाचरीसारखी.

जुजबंदी

पत्रांची जाडी पाठीकडे नसतेच, म्हणून. शिवायच्या आधी प्रत्येक दुमडलेल्या कागदाच्या घडीत तीन सेंटीमीटर रुंदीची, मधोमध दुमडलेली पट्टी घालायची. म्हणजे प्रत्येक पानाच्या पाठीशी पट्टीचा एक पदर येतो आणि पत्राइतकी जाडी भरून निघते. पत्र मात्र पट्टीच्या पदराबाहेर बसेल इतका आतला समास ठेवा. आता शिवलेली वही सोडवायची गरज नाही, वर दोरीची गाठ किंवा पट्टा लावा.

निळीशाई

शाईचं कुणी बोललं नाही. मी आमच्या बाईंना फाउंटन पेनने चार पानी पत्र दिलं होतं. त्यांनी ते चौकटीत लावून खिडकीसमोर टांगलं, आणि काही वर्षांनी भेटायला गेले तेव्हा अर्धं उडालेलं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी काही बोलले नाही. नेहमीची, पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई उजेडाने उडते आणि पाण्याने पसरते. पिगमेंट शाई, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक कणांची, टिकते.

रेघोट्या

आम्ही पेन्सिल वापरली. वर्गच रेखाटनाचा! ग्रॅफाइट उजेडाने उडत नाही. फक्त समोरासमोरची पानं घासून पुसट होतात, म्हणून मध्ये पातळ कागद घातला.

फळ्यासमोर

मी शिकवतो, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहितो. निकाल लागायच्या आधी काही देऊ नका. पत्र असलं तरी नको. माझ्या हातात तुमचे गुण असताना भेट आली की मला ती मोकळेपणाने घेता येत नाही, आणि तिसऱ्या कुणाला त्यात वेगळंच दिसतं. बऱ्याच संस्थांत किती किमतीपर्यंतची भेट चालते याचे नियम असतात, ते कार्यालयात आधी विचारा. महागडी वस्तू मी एकदा परत केली होती. तो प्रसंग आम्हा दोघांनाही जड गेला. पत्र कधीच परत करावं लागलं नाही.

आणि आम्हाला खरंच ठाऊक नसतं की वर्गात बोललेलं काय लागू पडलं. मी तयारी करून शिकवलेल्याचा उल्लेख पत्रांत क्वचितच असतो. असतो तो दारात उभं राहून सहज बोललेल्या वाक्याचा. अशी पत्रं वाचून मी शिकवायची पद्धत बदलली आहे.

पाचवा मसुदा

जुजबंदी, मूळ पानं मी आधीच लॅमिनेट करून बसलोय. आता काही करता येईल?

जुजबंदी

सोलायचा प्रयत्न करू नका, सरांनाही करू देऊ नका. आत्ताच चांगल्या दर्जाचं स्कॅन करून ठेवा, आणि वही उजेड-उष्णतेपासून लांब ठेवायला सांगा. एवढंच.

शेवटचा बाक

रेघोट्या, तेवीसमधले चार जण राहिले ना, त्यांचं काय केलंत? विचारते कारण आमच्या वर्गात मी त्या न लिहिणाऱ्यांतली होते. सरांनी मला पहिल्या वर्षी सगळ्यांसमोर बोललेलं एक वाक्य माझ्या मनातून गेलं नव्हतं, आणि खोटं लिहायचं नव्हतं. वहीत शेवटी "यांनी लिहिलं नाही" अशी नावं नव्हती, त्याबद्दल मी संयोजकांची आजही ऋणी आहे.

रेघोट्या

शेवटच्या पानावर सगळ्या तेवीस जणांची नावं, एका ओळीत, भेद न करता लिहिली. तिघांनी का लिहिलं नाही ते विचारलं नाही. चौथ्याने मात्र पत्र दिलं होतं, आणि त्यात तुमच्यासारखीच एक तक्रार होती, नीट शब्दांत, आदराने लिहिलेली. ते मी वहीत घातलं नाही. त्याला सांगून बंद पाकिटात वेगळं दिलं. सगळ्यांच्या कौतुकात ते एकटं पडलं असतं असं मला तेव्हा वाटलं. पण तो म्हणाला होता, "तेही दोन वर्षांत शिकलेलंच आहे."

फळ्यासमोर

मला ते वहीतच हवं असतं.

शेवटचा बाक

मला वेगळं पाकीटच बरं वाटलं असतं. मॅडमनी ते उघडलं का?

रेघोट्या

माहीत नाही. वही माझ्यासमोर उघडली, पाकीट पर्समध्ये ठेवलं.