रॅम्सेचा करनियम: औषधावर जास्त कर आणि अत्तरावर कमी?

अनघा: भाव वाढला तरी ज्या वस्तूचा खप फारसा घटत नाही, तिच्यावर जास्त कर लावावा, असं अर्थशास्त्रातला रॅम्सेचा नियम सांगतो म्हणे. म्हणजे औषधावर जास्त आणि अत्तरावर कमी! कार्यक्षमतेसाठी ठीक असेल, पण यात न्याय कुठे बसतो? की मीच नियम चुकीचा समजले आहे?

श्रीधर: नियम तुम्हाला बरोबर कळला आहे, फक्त तो कोणत्या नुकसानाबद्दल बोलतो ते आधी पाहू. ग्राहकाने भरलेला कर वाया जात नाही, तो सरकारकडे जातो. वाया जाते ती करामुळे न झालेली खरेदी: ग्राहकाला वस्तू मिळत नाही आणि सरकारलाही त्यावर काही मिळत नाही. हे नुकसान कराच्या दराच्या वर्गाने वाढतं. दर दुप्पट केला की नुकसान चौपट. म्हणून मागणी जिथे जास्त हलते तिथे दर कमी ठेवायचा.

आकडे घेऊन पाहा. करापूर्वी औषध आणि अत्तर या दोन्हींवर समाजाचा खर्च प्रत्येकी १०० आहे. भाव १ टक्का वाढला की औषधाचा खप पाव टक्का घटतो, अत्तराचा पूर्ण १ टक्का. मागणीची रेषा सरळ धरू, विक्रेत्याचा मूळ भाव स्थिर धरू आणि एका वस्तूच्या भावाचा दुसरीच्या खपावर परिणाम नाही असं मानू.

दोन्हींवर १० टक्के कर लावला तर तिजोरीत १८.७५ येतात आणि ०.६३ वाया जातात. तेवढीच रक्कम औषधावर १५.६ टक्के आणि अत्तरावर ३.९ टक्के लावून गोळा केली, तर वाया जातात फक्त ०.३८. नुकसान जवळपास ४० टक्क्यांनी कमी झालं. आता खपाकडे बघा: दोन्ही वस्तूंचा खप सारखाच, ३.९ टक्क्यांनी घटला. रॅम्सेच्या १९२७ च्या लेखाचा गाभा हाच आहे. कर असा लावा की सगळ्या वस्तूंचा खप सारख्या प्रमाणात आकसेल.

विनायक: मग तंबाखूवर भरमसाट कर असतो तो याच नियमामुळे ना? व्यसनी माणूस भाव कितीही वाढला तरी सोडत नाही. आणि तो कर तर सगळ्यांना मान्य आहे. मग औषधालाच आक्षेप का?

मृणाल: विनायकराव, तंबाखूवरच्या कराचं मुख्य समर्थन वेगळं आहे. तिथे खप घटावा हाच हेतू असतो, कारण धुराचा त्रास आणि उपचाराचा खर्च इतरांवरही पडतो. ही अर्थशास्त्रज्ञ पिगूंची मांडणी. रॅम्सेला खप शक्य तितका कमी बिघडवायचा होता. पिगूंनीच त्याला हा प्रश्न सोडवायला दिला होता, म्हणून दोन्हींची गल्लत होते. औषधाचा खप घटावा असं कोणालाच वाटत नाही.

आता श्रीधररावांच्याच आकड्यांत माणसं घालून बघू. दोन कुटुंबं धरा. गरीब कुटुंब औषधावर ४० आणि अत्तरावर १० खर्च करतं, श्रीमंत कुटुंब औषधावर ६० आणि अत्तरावर ९०. बेरीज तीच, १०० आणि १००. एकच दर असताना, भरलेला कर आणि हुकलेल्या खरेदीचं नुकसान मिळून गरिबावरचा भार ४.९ होता. रॅम्सेच्या दरांनी तो ६.५ झाला. श्रीमंताचा मात्र १४.५ वरून १२.६ वर आला.

म्हणजे समाजाची एकूण बचत ०.२५ आणि त्यासाठी गरिबावर १.६ चा जादा बोजा. गरिबाच्या हातातला १ हा श्रीमंताच्या १.२ इतका मोलाचा मानला, तरी ही अदलाबदल तोट्यात जाते. यापेक्षा जास्त वजन द्यायला कोणी फार समतावादी असावं लागत नाही.

केदार: म्हणूनच सरळ सगळ्यांवर एकच दर ठेवावा. वस्तूंचे आपसातले भाव बदलत नाहीत, त्यामुळे काहीच वाया जात नाही. वर कुठली वस्तू कुठल्या गटात यावरून होणारे वादही संपतात.

श्रीधर: वर्गीकरणाच्या वादांबद्दल पूर्ण सहमत. जेवढे वेगवेगळे दर जास्त, तेवढी आपला माल कमी दराच्या गटात बसवायची धडपड जास्त. पण ‘काहीच वाया जात नाही’ हे खरं नाही, केदार. सगळ्या वस्तू सारख्याच महागल्या म्हणजे पगाराची खरेदीशक्ती घटली, आणि काम करण्यापेक्षा मोकळा वेळ स्वस्त झाला. मोकळ्या वेळेवर कर लावता येत नाही. त्यामुळे कॉर्लेट आणि हेग या अर्थशास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये सुचवलं की मोकळ्या वेळेसोबत वापरल्या जाणाऱ्या वस्तूंवर थोडा जास्त कर ठेवावा.

मृणालताई, तुमचा हिशेब बरोबर आहे. रॅम्सेने वाटपाचा प्रश्न जाणूनबुजून बाजूला ठेवला होता, हेही मान्य. पण श्रीमंताचे १.८५ वाचले आहेत. त्यातले १.६ प्राप्तिकराने घेऊन गरिबाला रोख दिले की गरिबाचं नुकसान शून्य, आणि तरी काही उरतं. न्यायाचं काम वस्तूकरावर का लादायचं? अत्तर श्रीमंतही घेतो आणि हौसेने गरीबही घेतो. वस्तू पाहून माणूस ओळखणं हा फार ढोबळ मार्ग आहे.

मृणाल: रोख देण्याची तरतूद खरोखर होणार असेल तर माझा विरोध बराच मावळतो. पण मग तुमचा नियमही ढासळतो. अ‍ॅटकिन्सन आणि स्टिग्लिट्झ यांनी १९७६ मध्ये दाखवलं की उत्पन्नानुसार हवा तसा प्राप्तिकर लावता येत असेल आणि वस्तूंची आवडनिवड कामाच्या तासांवर अवलंबून नसेल, तर वस्तूंवर वेगवेगळे दर लावायची गरजच उरत नाही. म्हणजे सरकारला उत्पन्न दिसतं तिथे औषधावरचा जादा कर अनावश्यक. आणि दिसत नाही, बहुतेक व्यवहार रोखीत आणि नोंदीबाहेर होतात, तिथे भरपाई गरिबापर्यंत पोचत नाही. अशा ठिकाणी वस्तूकरातच न्याय घालावा लागतो. डायमंड यांनी १९७५ मध्ये नियम तसा सुधारला: ज्या वस्तू मुख्यतः गरजू लोक वापरतात, त्यांचा खप इतरांपेक्षा कमी आकसू द्यायचा.

अनघा: पण औषधाचा खप कमी हलतो हे सगळ्यांच्या बाबतीत सारखं असतं का? पैसे नसलेला माणूस तर गोळ्या अर्ध्या करून घेतो.

मृणाल: नेमकं हेच सरासरीत लपतं. पाव टक्का हा आकडा असाही तयार होतो: भाव १ टक्का वाढला की गरिबाचा खप ०.५५ टक्के घटतो, श्रीमंताचा जेमतेम ०.०५. औषधाच्या एकूण खर्चात ४० वाटा गरिबाचा आणि ६० श्रीमंताचा, म्हणून सरासरी ०.२५. आता १५.६ टक्के कर लावा. श्रीमंताचं औषध १ टक्काही कमी होत नाही. गरिबाचं ८.६ टक्के कमी होतं. एकूण घट ३.९ टक्केच दिसते, पण त्यातली जवळपास नऊ दशांश एकट्या गरिबाच्या घरातली असते.

श्रीधर: हा मुद्दा मला पटतो. पण मग दर ठरवण्याआधी उत्पन्नगटानुसार मागणीचे अंदाज हवेत, आणि एवढी बारीक माहिती गोळा करू शकणारी यंत्रणा त्याच माहितीवरून गरीब ओळखून रोख मदतही देऊ शकेल. तशी यंत्रणा जिथे नाही, तिथे गरिबाला द्यायचं तुमचं जादा वजन कोणत्या आकड्यांवर बसवणार?

मृणाल: कुटुंबाच्या खर्चाच्या नमुना पाहणीवर. कोणत्या गटाच्या खर्चात औषधाचा वाटा किती, एवढं त्यातून कळतं. विशिष्ट घर ओळखून तिथे पैसे पोचवायला मात्र प्रत्येक घराची नोंद लागते, आणि या दोन कामांत फार अंतर आहे. मागणी किती हलते याचा अंदाज त्या पाहणीतून कच्चाच निघेल, हे मान्य. पण तुमच्या १५.६ ला तरी त्याहून पक्का आधार कुठे आहे?