कमी दिसणाऱ्या आईसाठी टीव्ही मोठा करायचा की बोलता करायचा?

म्हापसेकर: आई ७४ वर्षांची, मॅक्युलाचा त्रास आहे, मधलं धूसर, बाजूचं बरं दिसतं. ४३ इंची टीव्ही आहे, त्याला फायर टीव्ही स्टिक आणि डिशचा बॉक्स. चित्र कळतं पण मेनूतली अक्षरं अजिबात नाही, त्यामुळे मालिका लावायला दर वेळी मला हाक. चवथीनंतर मी पुण्याला परत जाणार, तोपर्यंत तिला एकटीला जमलं पाहिजे.

डिचोलीचा दादा: मॅग्निफायर चालू करा, सगळं मोठं होतं, मालिकासुद्धा.

सावित्री_फोंडा: दादा, मालिका नाही होत. स्टिकचा मॅग्निफायर मेनू वाढवतो, चालू व्हिडिओ नाही. बॅक आणि फास्ट फॉरवर्ड दोन सेकंद एकत्र दाबून धरा की सुरू, मग मेनू बटण धरून फास्ट फॉरवर्डने वाढवायचं, मेनू धरूनच बाणांनी सरकवायचं. माझे बाबा इथेच अडकायचे, पडद्याचा एक तुकडाच दिसतो आणि आपण कुठे आहोत तेच कळत नाही. मधलं दिसत नसेल तर शोधत बसण्यापेक्षा ऐकणं सोपं, म्हणून मी व्हॉइसव्ह्यू लावून दिला. बॅक आणि मेनू दोन सेकंद धरा, मग बाण हलवाल तसं नाव वाचून दाखवतो. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन वाचण्याचा वेग आधी कमी करा, नाहीतर आई पहिल्याच दिवशी बंद करायला सांगतील.

नाईक_पेडणे: आमच्या मामांनी मोतीबिंदू काढला, आता बातम्यांची पट्टीपण वाचतात. ऑपरेशनचं विचारलंत का?

म्हापसेकर: मोतीबिंदू नाही हो, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे, डॉक्टरांनी बघितलंय. सावित्रीताई, काल लावला. होम स्क्रीन छान वाचतो, पण डिशच्या बॉक्सवर गेलो की एकदम गप्प. बिघडला का?

सावित्री_फोंडा: नाही बिघडला. बॉक्सचं चित्र वेगळ्या एचडीएमआयवरून येतं, स्टिकच्या दृष्टीने ते तिथे नाहीच, मग वाचणार काय? टीव्हीच्या स्वतःच्या रीडरचंही तेच, त्याला ते नुसतं चित्र. म्हणून बॉक्सला चॅनलचे नंबर पाठ. बहुतेक रिमोटवर ५ च्या बटणावर उंचवटा असतो, नसेल तर फेविकॉलचा टिपका सुकवून लावा, तिथून बाकीचे आकडे बोटाने सापडतात. बाबांना चार नंबर पुरले. आणि ज्या मालिका ॲपवर मिळतात त्या ॲपवरच लावा. फक्त आधी स्वतः डोळे मिटून तपासा, काही ॲपमध्ये नावाऐवजी नुसतं ‘बटण’ ऐकू येतं, ते आईंच्या उपयोगाचं नाही.

डिचोलीचा दादा: बरं, माझं चुकलं. मग चित्र मोठं कसं करायचं?

सावित्री_फोंडा: खुर्ची जवळ घ्या. दहा फुटांवरून पाच फुटांवर आलात तर चित्र दुप्पट मोठं दिसतं, आणि डोळे त्याने बिघडत नाहीत. समोरच्या खिडकीची चमक टीव्हीवर येत असेल तर खिडकीचा पडदा ओढा.

म्हापसेकर: खुर्ची आजच पुढे ओढली. पण व्हॉइसव्ह्यू इंग्रजीत बोलतो आणि आईला मराठी हवंय. कोणी मराठीत ऐकलंय का?

नाईक_पेडणे: भाच्याकडे गुगल टीव्ही आहे, गुगलच्या आवाजात मराठी असते, त्याला विचारून सांगतो टीव्हीवर चालते का.